फार्महाऊस विकायला काढताना : पाणी, रस्ता, देखभाल आणि शांतता यांची जाहिरात कशी लिहावी

फार्महाऊस किंवा सुट्टीचे घर विकणाऱ्या बहुतेक जाहिरातींमध्ये चार वाक्ये ठरलेली असतात. ‘मुबलक पाणी’, ‘घरापर्यंत गाडी जाते’, ‘देखभाल अत्यल्प’ आणि ‘निसर्गरम्य, शांत परिसर’. ही वाक्ये खोटी असतातच असे नाही, पण ती पडताळता येत नाहीत, आणि दोन-चार जागा पाहून आलेला ग्राहक त्यांकडे दुर्लक्ष करायला शिकलेला असतो. शहरातल्या सदनिकेच्या ग्राहकाला नळाला पाणी येईल का, दारापर्यंत रस्ता आहे का, असे प्रश्न सहसा पडत नाहीत. सुट्टीच्या घराचा ग्राहक मात्र याच प्रश्नांवर अडतो, कारण घर त्याच्या डोळ्यांआड राहणार असते आणि तिथली प्रत्येक अडचण त्याला लांबून निस्तरावी लागणार असते.

म्हणून माझे सांगणे असे आहे की जाहिरात घराच्या सर्वांत चांगल्या दिवसावर बेतू नये, सर्वांत वाईट दिवसावर बेतावी. उन्हाळा संपता संपता पाणी किती येते, पावसाच्या जोरात रस्ता कसा असतो, घर बंद असताना वर्षाला काय खर्च होतो आणि सर्वांत गोंगाटाच्या रात्री काय ऐकू येते, या चार गोष्टी मोजून, तारखेसह लिहिल्या तर ग्राहकाला घासाघीस करायला फारसे काही उरत नाही. जो ग्राहक या आकड्यांनी मागे फिरतो, तो जागा पाहायला येऊनही मागेच फिरला असता.

पुढे एकच कल्पित उदाहरण शेवटपर्यंत वापरले आहे : एक एकर जमीन, तीन खोल्यांचे घर, एक बोअरवेल, पाच हजार लिटरची टाकी, चाळीस फळझाडे आणि घरासमोर तीनशे चौरस मीटर हिरवळ.

पाणी : पहिल्या अर्ध्या तासावर विश्वास ठेवू नका

बोअरवेल किती खोल आहे आणि मोटर किती अश्वशक्तीची आहे, हे सांगून विक्रेते पाण्याचा विषय संपवतात. या दोन्ही आकड्यांवरून पाण्याचा अंदाज येत नाही. नव्वद मीटर खोल बोअर कोरडी असू शकते आणि पन्नास मीटरची वर्षभर चालू शकते. मोटरची शक्ती तर फक्त उपसण्याची क्षमता सांगते, जमिनीतून बोअरमध्ये पाणी किती झिरपते हे सांगत नाही. ग्राहकाला हवा असतो तो झिरप्याचा आकडा, म्हणजे सलग उपसा चालू ठेवल्यावर स्थिरावणारा प्रवाह.

तो मोजण्याची पद्धत साधी आहे, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. आधी रात्रभर मोटर बंद ठेवावी, म्हणजे बोअरमधली पातळी पूर्ववत होते. सकाळी टाकीत पडणाऱ्या पाइपाचे तोंड सोडवून ते मोकळे सोडावे, वीस लिटरची बादली त्याखाली धरावी आणि ती काठोकाठ भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या घड्याळावर पाहावे. प्रत्येक वेळी दोनदा मोजून सरासरी घ्यावी. पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी आणि पुढे दर अर्ध्या तासाने हीच मोजणी करत किमान चार तास मोटर चालू ठेवावी. मधेच पाण्याबरोबर हवा येऊ लागली, पाइप थुंकल्यासारखा धक्के देऊ लागला, तर मोटर ताबडतोब बंद करावी. पाणबुडी मोटर कोरडी चालली तर जळते. तसे झाले तर ती बोअर चार तास सलग चालत नाही, आणि तेही जाहिरातीत लिहिण्याजोगे सत्य आहे.

चार तास कशासाठी, हा प्रश्न स्वाभाविक आहे. सहा इंची बोअरमध्ये उभ्या पाण्याच्या दर मीटरला सुमारे अठरा लिटर पाणी साठलेले असते. आपल्या उदाहरणात पाण्याची पातळी जमिनीपासून चाळीस मीटरवर आणि मोटर ऐंशी मीटरवर आहे, म्हणजे मोटरच्या वर चाळीस मीटर पाणी, सुमारे सातशे लिटर, उभे आहे. सुरुवातीला मोटर हा साठाच उपसते. त्यामुळे पहिल्या मोजणीत बादली वीस सेकंदांत भरते, म्हणजे मिनिटाला साठ लिटर. अर्ध्या तासाने तीच बादली भरायला अठ्ठेचाळीस सेकंद लागतात. तासाभराने साठ सेकंद लागतात आणि त्यानंतर चार तास पूर्ण होईपर्यंत साठच लागत राहतात. प्रवाह इथे स्थिरावला : मिनिटाला वीस लिटर, तासाला बाराशे. ज्या विक्रेत्याने फक्त पहिली बादली मोजली, तो तासाला छत्तीसशे लिटर म्हणेल, आणि पहिल्याच उन्हाळ्यात नव्या मालकाला ते तिप्पट फुगवलेले आढळेल.

मोटर बंद केल्यावर पातळी परत किती वर येते, हेही पाहायला हवे. बोअरचे काम करणारा माणूस किंवा मोटर दुरुस्त करणारा कारागीर पातळी मोजण्याची तार आत सोडून हे सांगू शकतो. स्वतः दोरीला वजन बांधून आत सोडण्याचा प्रयत्न करू नये, ते मोटरच्या केबलमध्ये अडकते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पातळी जवळजवळ पहिल्या जागी आली असेल तर रोज तेवढा उपसा बोअरला झेपतो असे म्हणता येते. ती दहा मीटर खालीच राहिली असेल तर रोजचा उपसा त्या मानाने कमी सांगावा.

ही मोजणी कोरड्या हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांत केली तरच तिला अर्थ आहे. पावसाळ्यानंतर दोन महिन्यांनी बहुतेक बोअरी उदार होतात. विकायचे ठरले तेव्हा तो हंगाम निघून गेला असेल तर दोन मार्ग उरतात. एक म्हणजे आताची मोजणी तारखेसह द्यावी आणि ती पावसाळ्यानंतरची आहे हे स्पष्ट लिहावे. दुसरा म्हणजे गेल्या उन्हाळ्याचा पुरावा शोधावा : राखणदाराने टिपून ठेवलेली मोटर चालवण्याची वेळ, वीजबिलातील त्या महिन्यांचा वापर, आणि टँकर मागवला असल्यास त्याच्या पावत्या. टँकर मागवला होता हे लपवू नये. शेजारी हे सांगतातच, आणि लपवलेला एक टँकर बाकीच्या दहा खऱ्या गोष्टींवर संशय आणतो.

आता मिळालेला आकडा गरजेशी जुळवून दाखवायचा, कारण ‘तासाला बाराशे लिटर’ म्हणजे पुरेसे की अपुरे, हे शहरातून आलेल्या ग्राहकाला उमगत नाही. सहा माणसे राहायला आली तर माणशी दीडशे लिटर धरून दिवसाला नऊशे लिटर लागतात. चाळीस झाडांना ठिबकने प्रत्येकी तीस लिटर दिले तर बाराशे. हिरवळीला कडक उन्हात दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे दर चौरस मीटरला पाच लिटर. तीनशे चौरस मीटरला पंधराशे. एकूण छत्तीसशे लिटर, म्हणजे स्थिर प्रवाहाने तीन तास मोटर. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की घरातल्या सहा माणसांपेक्षा हिरवळ जास्त पाणी पिते. पाणी कमी असेल तर जाहिरातीत हेच प्रामाणिकपणे लिहावे की घर आणि झाडे यांना पाणी पुरते, हिरवळ उन्हाळ्यात सुकते. अशा वाक्याने ग्राहक पळत नाही, तो हिरवळीचा हिशोब स्वतः करतो.

साठवणीचा आकडाही याच भाषेत द्यावा. पाच हजार लिटरची टाकी म्हणजे वीज गेली किंवा मोटर बिघडली तरी सहा माणसांना पाच दिवस घरगुती वापराचे पाणी. लांब राहणाऱ्या मालकाला हा आकडा बोअरच्या खोलीपेक्षा कितीतरी उपयोगाचा वाटतो, कारण दुरुस्तीसाठी माणूस यायला किती दिवस लागतील, याची त्याला खरी धास्ती असते.

पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल मात्र अंदाजाने लिहिण्याची गोष्ट नाही. प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली घ्यावी, मोटर दहा-पंधरा मिनिटे चालवून मग नमुना भरावा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा. उशीर झाला तर जिवाणूंची तपासणी भरवशाची राहत नाही. क्षार, कठीणपणा, फ्लोराइड, नायट्रेट आणि ई. कोलाय या तपासण्या पुरेशा आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मूल्यांनुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅम आणि नायट्रेट ५० मिलिग्रॅम यांपेक्षा जास्त नसावे, आणि १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय मुळीच आढळू नये. पाणी कठीण निघाले तर ती विक्रीला मारक बाब नाही, पाणी मृदू करणारे यंत्र बसवून ते सुधारता येते. नायट्रेट किंवा ई. कोलाय निघाले तर मात्र जाहिरात थांबवावी आणि सेप्टिक टँक, शोषखड्डा, गोठा किंवा खताचा ढीग बोअरच्या जवळ आहे का ते आधी पाहावे. कारण सापडून दूर केल्यावर पुन्हा तपासणी करून दोन्ही अहवाल जोडावेत.

रस्ता : डांबर संपते तिथून पुढचे सांगा

रस्त्याबाबत ग्राहक दोन वेगळे प्रश्न विचारत असतो आणि विक्रेता बहुधा एकाचेच उत्तर देतो. पहिला प्रश्न गाडी जाते का, हा आहे. दुसरा, गाडी न्यायचा हक्क कायमचा आहे का, हा आहे. व्यवहार मोडतात ते बहुतेक दुसऱ्यावर.

आपल्या उदाहरणात डांबरी रस्ता संपल्यावर घरापर्यंत १.८ किलोमीटर अंतर आहे. त्यातील १.४ किलोमीटर सार्वजनिक कच्चा रस्ता आणि उरलेले चारशे मीटर शेजाऱ्याच्या जमिनीतून जातात. या चारशे मीटरांसाठी लेखी दस्त आहे का, तो रीतसर नोंदवलेला आहे का, हे जाहिरात देण्याआधी पाहावे. दस्त असेल तर तो वकिलाकडून वाचून घ्यावा आणि चार गोष्टी तपासाव्यात : हक्क जमिनीला जोडलेला आहे की फक्त सध्याच्या मालकाला व्यक्तिशः दिलेला आहे, रस्त्याची रुंदी लिहिली आहे का, तो फक्त पायी जाण्यासाठी आहे की वाहने, पाण्याची पाइपलाइन आणि विजेची तार यांसाठीही आहे, आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा. शेजाऱ्याशी वीस वर्षांचे चांगले संबंध आहेत, ही गोष्ट विक्रेत्याला पुरेशी वाटते, पण संबंध विकता येत नाहीत. दस्त नसेल तर शेजाऱ्याशी बोलून तो आताच करून घ्यावा. ग्राहक ठरल्यावर तो करायला गेलात तर शेजाऱ्याला तुमची घाई कळते आणि त्याची अपेक्षा त्याप्रमाणे वाढते. शेजारी तयारच नसेल तर ‘शेवटचे चारशे मीटर शेजाऱ्याच्या तोंडी संमतीने’ असे जाहिरातीत स्पष्ट लिहावे आणि किंमत त्या मानाने ठेवावी.

आता प्रत्यक्ष रस्ता. मोजपट्टी घेऊन तो एकदा चालावा आणि सर्वांत अरुंद जागा शोधावी, कारण संपूर्ण रस्ता तेवढाच रुंद धरला जातो. आपल्या उदाहरणात ती एक मोरी आहे, तीन मीटर रुंद. मोटार सहज जाते आणि लहान टँकर सांभाळून जातो, पण काँक्रीटचा मोठा मिक्सर वळणावर अडकतो. पुढे घर वाढवायचे असलेल्या ग्राहकाला हे आधीच कळायला हवे. चढ असेल तर तोही मोजावा : दहा मीटर अंतरात एक मीटर चढ म्हणजे एकास दहा, आणि कच्च्या, ओल्या मातीवर त्याहून तीव्र चढ साध्या गाडीला त्रास देतो. फाटकापाशी मोठी गाडी वळवायला जागा आहे की उलट मागे न्यावी लागते, हेही लिहावे. रुग्णवाहिका दारापर्यंत येऊ शकते की नाही, हा प्रश्न वयस्कर ग्राहक मोठ्याने विचारत नाहीत, पण त्यांच्या मनात तो असतोच.

पावसाळ्याचे सत्य सांगण्यासाठी सर्वांत चांगले साधन म्हणजे एक सलग चित्रफीत. जोराचा पाऊस पडून गेल्यावर डांबर संपते तिथून घराच्या दारापर्यंत गाडी नेताना, कुठेही न कापता, काचेतून चित्रण करावे. चिखल, खड्डे, मोरीवरून वाहणारे पाणी, सगळे त्यात येऊ द्यावे. मोरी पाण्याखाली जात असेल तर किती वेळा आणि किती तास, हे राखणदाराला किंवा तिथल्या रहिवाशाला विचारून लिहावे. ‘जोराच्या पावसात मोरीवरून पाणी जाते, साधारण तीन तासांत ओसरते, वर्षातून तीन-चार वेळा’ हे वाक्य ग्राहकाला घाबरवत नाही. त्याला आपले नियोजन करता येते. त्याला घाबरवते ती पहिल्या पावसात अचानक कळलेली गोष्ट.

प्रवासाचा वेळ सांगताना ‘शहरापासून दोन तास’ असे न लिहिता सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी निघून लागलेला आणि सुट्टी संपताना परतीला लागलेला वेळ लिहावा. पहाटे मोकळ्या रस्त्याने लागलेला वेळ हवा तर त्यासोबत द्यावा, त्याऐवजी नव्हे. सुट्टीचे घर पहाटे एकट्याने गाठण्यासाठी कोणी घेत नाही.

देखभाल : वर्षाचा खर्च आणि बंद घराचा खर्च

देखभालीचा आकडा लपवला की ग्राहक तो मनाने ठरवतो आणि जास्तच ठरवतो. म्हणून तो मांडून दाखवावा. अडचण अशी की बरेच मोठे खर्च दरवर्षी येत नाहीत, आणि विक्रेता ते विसरून फक्त पगार आणि वीजबिल सांगतो.

मांडणी करताना राखणदाराचा महिन्याचा पगार हा एक भाग धरला तर तुलना सोपी होते. उदाहरणातील घराचा नेहमीचा वार्षिक खर्च असा आहे : राखणदार बारा भाग, बागेची कामे चार, वीज तीन, किरकोळ दुरुस्ती दोन आणि कर व विमा मिळून एक; एकूण बावीस. आता अधूनमधून येणारे खर्च वर्षांत विभागायचे. बाहेरील रंगकाम पाच वर्षांनी, दहा भाग, म्हणजे वर्षाला दोन. गच्चीची ओलगळती रोखण्याचे काम सहा वर्षांनी, सहा भाग, म्हणजे वर्षाला एक. कुंपण आणि फाटक दहा वर्षांनी, दहा भाग, म्हणजे वर्षाला एक. मोटर बदलणे आठ वर्षांनी, चार भाग, म्हणजे वर्षाला अर्धा. सेप्टिक टँक उपसणे तीन वर्षांनी, दीड भाग, म्हणजे वर्षाला अर्धा. ही बेरीज पाच होते आणि वर्षाचा खरा खर्च सत्तावीस भाग ठरतो. आपल्या घराचे आकडे आणि वर्षे निराळी असतील; पावत्यांवरून ती काढावीत आणि प्रत्येक मोठे काम शेवटचे कधी झाले ती तारीख शेजारी लिहावी. गच्चीचे काम गेल्या वर्षी झाले असेल तर ग्राहकाची पुढची पाच वर्षे त्या खर्चातून सुटतात, आणि ही गोष्ट किमतीत तुमच्या बाजूने बोलते.

याहून महत्त्वाचा आकडा बंद घराचा आहे. वरील सत्तावीस भागांपैकी घरात माणसे राहिल्यामुळे होणारा खर्च म्हणजे विजेचा साधारण एक भाग आणि किरकोळ दुरुस्तीतील थोडासा. बाकी सगळे घर बंद असतानाही चालूच राहते : राखणदाराचा पगार, बागेचे पाणी, विजेचा स्थिर आकार, कर. किंबहुना बंद घरात ओल, बुरशी, वाळवी आणि अडकलेले नळ जास्त त्रास देतात. महिन्यातून एकदा जाणाऱ्या मालकालाही जवळजवळ तेवढाच खर्च येतो जेवढा दर आठवड्याला जाणाऱ्याला येतो. ग्राहकाला हे खरेदीपूर्वी कळले तर तो बाग लहान करावी का, हिरवळ काढावी का, शेजारच्या जागेसोबत राखणदार वाटून घ्यावा का, असा विचार करू शकतो. तो जाहिरातीतच सुचवायला हरकत नाही.

राखणदाराबद्दल एक गोष्ट आवर्जून करावी. तो नव्या मालकाकडे राहायला तयार आहे का, हे जाहिरातीआधी त्यालाच विचारावे. तो राहणार असेल तर ते घराचे मोठे बलस्थान आहे, कारण बोअरची मोटर कधी चालवायची, कोणता व्हॉल्व्ह कुठला आहे, पावसात कुठे पाणी तुंबते, हे सगळे त्यालाच ठाऊक असते. मात्र त्याला न विचारता जाहिरातीत त्याचे आश्वासन देऊ नये. ज्या माणसाचे राहते घर आणि रोजगार या व्यवहारावर अवलंबून आहे, त्याला विक्रीची बातमी तिऱ्हाइताकडून कळणे योग्य नाही.

शांतता : विशेषण नको, वेळापत्रक द्या

शांतता मोजता येत नाही असे समजून तिच्यावर विशेषणे उधळली जातात. ती बऱ्यापैकी मोजता येते. मोबाइलवरील ध्वनिमापक ॲप तंतोतंत नसते, विशेषतः फार हळू आवाजात ते चुकते. पण एकाच मोबाइलवर, एकाच जागी, वेगवेगळ्या वेळी केलेली मोजणी एकमेकांशी ताडून पाहायला ते पुरते. अंगणात उभे राहून पहाट, दुपार, संध्याकाळ आणि मध्यरात्र अशा वेळी दहा-दहा मिनिटांची मोजणी करावी. एकदा साध्या दिवशी आणि एकदा सुट्टीच्या दिवशी. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये युरोपसाठी रात्रीच्या आवाजाचे जे मार्गदर्शन दिले, त्यात घराबाहेर रात्रीच्या सरासरीसाठी ४० डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. आपला आकडा त्याच्या आसपास आहे की खूप वर, एवढे कळले तरी पुरे.

दुपारी शांत वाटणारी जागा रात्री शांत असेलच असे नाही, आणि यामागे कारण आहे. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, त्यामुळे वर जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो आणि लांबवर पोहोचतो. शिवाय सलग वाहत्या रस्त्याचा आवाज अंतर दुप्पट झाल्यावर साधारण तीन डेसिबलनेच घटतो, तर एका ठिकाणच्या यंत्राचा सहा डेसिबलने. म्हणून दीड किलोमीटरवरील महामार्ग रात्री अंगणात ऐकू येतो आणि तेवढ्याच अंतरावरची गिरणी ऐकू येत नाही. ग्राहक बहुधा दुपारी जागा पाहायला येतो. रात्री काय ऐकू येते हे तुम्ही आधी सांगितले नाही, तर तो पहिल्या मुक्कामातच ते ऐकतो.

त्यापेक्षा वेळापत्रक लिहून द्यावे. कोणता आवाज, कुठून, कधी आणि किती वेळ. शेजारच्या शेतातली मोटर पहाटे दोन तास चालते. खडी फोडण्याचे यंत्र अर्ध्या कोसावर आहे, दिवसा चालते, रात्री बंद. समारंभाचे सभागृह एक किलोमीटरवर आहे, ठराविक महिन्यांत रात्री ध्वनिक्षेपक. कुक्कुटपालनाची शेड असेल तर आवाजापेक्षा वास महत्त्वाचा. कोणत्या दिशेचा वारा असताना तो घराकडे येतो ते लिहावे. जवळपास नवी खाण, कारखाना किंवा रस्त्याचे रुंदीकरण येणार असल्याची अधिकृत नोटीस तुम्हाला मिळाली असेल तर तीही दाखवावी. ती दडवून झालेला व्यवहार पुढे न्यायालयात जाऊ शकतो.

जाहिरातीचा मजकूर

एवढी माहिती हाती आल्यावर जाहिरात लिहायला वेळ लागत नाही. आपल्या उदाहरणाचा मजकूर साधारण असा होईल :

‘एक एकर जमिनीवर तीन खोल्यांचे सुट्टीचे घर. बोअरवेलचा स्थिर प्रवाह तासाला १,२०० लिटर. कोरड्या हंगामाच्या शेवटी चार तास सलग उपसा करून मोजलेला, मोजणीची नोंद आणि पाण्याचा अहवाल दाखवता येईल. टाकी ५,००० लिटर. घर, चाळीस फळझाडे आणि हिरवळ यांना रोज सुमारे तीन तास मोटर पुरते. डांबरी रस्त्यापासून १.८ किलोमीटर कच्चा रस्ता. शेवटच्या ४०० मीटरांसाठी वाहनासह वहिवाटीचा नोंदणीकृत हक्क. सर्वांत अरुंद जागा ३ मीटर रुंदीची मोरी. जोराच्या पावसात वर्षातून तीन-चार वेळा काही तास पाण्याखाली. देखभालीचा मागील तीन वर्षांचा हिशोब उपलब्ध, गच्चीचे काम गेल्या वर्षी झालेले. राखणदार पुढेही राहण्यास तयार. महामार्ग दीड किलोमीटरवर. रात्री अंगणात हलका आवाज येतो, खिडक्या लावल्यावर खोल्यांत येत नाही.’

या मजकुरात ‘निसर्गरम्य’ हा शब्द नाही आणि त्याची उणीवही जाणवत नाही. निसर्ग छायाचित्रांत दिसतो. छायाचित्रांत मात्र घराच्या दर्शनी बाजूबरोबर कच्चा रस्ता, मोरी, टाकी, बोअरचे तोंड आणि पाइपाखाली भरणारी बादली यांनाही जागा द्यावी. संध्याकाळच्या सोनेरी उजेडातली दहा छायाचित्रे एकच गोष्ट दहा वेळा सांगतात.

एक सावधगिरी महत्त्वाची आहे. घर बहुतेक दिवस बंद असते, म्हणून जाहिरातीत नकाशावरील अचूक ठिकाण, राखणदाराच्या सुट्टीचा वार, घरातील मौल्यवान वस्तूंची छायाचित्रे किंवा ‘महिन्यातून एकदाच जातो’ अशी वाक्ये देऊ नयेत. परिसर आणि अंतरे सांगावीत. अचूक ठिकाण फोनवर बोलून खात्री पटलेल्या ग्राहकालाच द्यावे.

जागा दाखवण्याचा दिवस ठरवताना ग्राहकाला रात्री मुक्कामाचे निमंत्रण द्यावे, किंवा निदान अंधार पडेपर्यंत थांबायला सांगावे. तो येण्याआधी मोटर चालवून टाकी भरून ठेवू नये. रिकामी टाकी त्याच्यासमोर भरू द्यावी आणि बादली व घड्याळ त्याच्याच हाती द्यावे. सोबत एक फाइल ठेवावी, जिच्यात उपशाच्या मोजणीचा कागद, पाण्याचे अहवाल, वहिवाटीचा दस्त, तीन वर्षांची वीजबिले, दुरुस्तीच्या पावत्या आणि आवाजाच्या नोंदी क्रमाने लावलेल्या असतील, आणि त्या सगळ्यांच्या छायाप्रती ग्राहकाला घरी न्यायला द्याव्यात, कारण खरेदीचा निर्णय बहुधा तिथे होत नाही, घरी परतल्यावर वकील आणि कुटुंब यांच्यासमोर कागद पसरून होतो. महिना-दोन महिन्यांत विक्री झाली नाही आणि दरम्यान हंगाम बदलला, तर प्रवाहाची मोजणी पुन्हा करून जाहिरातीतील आकडा आणि तारीख दोन्ही बदलावेत.